सहा खडे हाताशी असताना

गोमध्ये दोन खेळाडूंची ताकद सारखी नसली तरी डाव बरोबरीचा करता येतो. कच्चा खेळाडू काळे खडे घेतो आणि त्यातले काही खडे डाव सुरू होण्याआधीच पटावर ठेवतो. जपानमध्ये अशा डावाला ‘ओकिगो’ म्हणतात. दोघांमध्ये जितक्या हौशी श्रेणींचं अंतर, साधारण तितके खडे. पहिली चाल मात्र पांढऱ्याची.

हे खडे किती मोलाचे असतात? बरोबरीच्या डावात काळा पहिली चाल करतो, म्हणून जपानी नियमांनुसार पांढऱ्याला साडेसहा गुण भरपाई मिळते. यावरून सुरुवातीच्या एका चालीची किंमत सुमारे 13 गुण धरता येते. म्हणजे सहा खड्यांच्या डावात काळा सुरुवातीलाच 60-70 गुणांनी पुढे असतो. त्याला नवं काही जिंकायचं नसतं. हातात आहे ते सांभाळलं की पुरे. शिकणारे नेमकं हेच विसरतात आणि पांढऱ्याच्या प्रत्येक खड्यामागे धावत सुटतात.

पटावर 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा असतात, आणि खडे रेघा जिथे छेदतात तिथे ठेवतात. सहा खड्यांच्या डावात चार खडे चार कोपऱ्यांत आणि दोन डाव्या-उजव्या बाजूंच्या मध्यावर असतात. हे सगळे कडेपासून चौथ्या रेघेवर. बाजूच्या मध्यावरचा खडा नवख्याला रिकामटेकडा वाटतो, कारण एकटा तो जागा वेढत नाही. त्याचं काम वेगळं आहे. पांढऱ्याला ज्या जागी पाय पसरायचे असतात, तीच तो अडवून बसलेला असतो.

डावी बाजू पाहू. प्रत्येक जागेसाठी आधी डावीकडून कितवी रेघ ते सांगतो, मग खालून कितवी. काळा 4-4 वर कोपऱ्यात आहे आणि 4-10 वर बाजूला. पांढरा 3-6 वर येतो. इथे काळ्याने 3-5 वर, म्हणजे कोपऱ्यातल्या खड्यापासून तिरकं आणि पांढऱ्याला चिकटून खेळावं. पांढरा 4-6 वर उभा राहतो. मग काळा 6-4 वर, एक जागा सोडून, उडी मारतो. आता कोपरा बराचसा बंद झाला आणि पांढऱ्याचे दोन खडे बाजूला उघड्यावर पडले.

कडेजवळ एकमेकांशेजारी उभ्या दोन खड्यांनी तीन जागा सोडून पसरावं, असा जुना ठोकताळा आहे. त्याप्रमाणे पांढऱ्याला 3-10 हवं, पण त्याच्या अगदी शेजारी, 4-10 वर, काळा बसलेला आहे. जास्तीत जास्त तो 3-8 वर जाईल. काळ्याने 3-9 वर तिरकं खेळून दार लावलं की आत दोन ‘डोळे’ करण्याइतकी जागा उरत नाही. डोळे म्हणजे आपल्याच खड्यांनी वेढलेल्या रिकाम्या जागा. वेगवेगळे दोन डोळे असलेला गट मरत नाही. ते करता येत नाहीत म्हणून पांढऱ्याला मध्याकडे पळावं लागतं.

खरी परीक्षा इथेच असते. काळ्याने त्याला मारायला जाऊ नये. एक-एक जागा सोडत त्याच्या बाजूने चालत राहावं. पांढरा पळताना काहीच वेढत नाही, आणि काळ्याच्या प्रत्येक उडीने खालची बाजू भरत जाते. गट जगला तरी नफा काळ्याचाच. उलट, कापाकापी सुरू केली की काळ्याचे दोन कच्चे तुकडे तयार होतात, आणि अशा गुंत्यात पांढऱ्याचा सराव नेहमीच जास्त असतो.

हीच चाल चार खड्यांच्या डावात मात्र नुकसान करते. तिथे बाजूच्या मध्यावर काळा नसतो, त्यामुळे 3-5 ने पांढऱ्याला आपणच भक्कम भिंत बांधून देतो आणि तो खुशाल 3-10 वर पसरतो. तिथे 3-6 ला उत्तर म्हणून थेट 6-4 वर उडी मारणं बरं. पुढे पांढरा 2-4 वर सरकला तर 3-3 वर खेळून कोपरा राखायचा.

भक्कम खेळणं म्हणजे भिऊन खेळणं नव्हे, हे मला आग्रहाने सांगावंसं वाटतं. घाबरलेला काळा दुसऱ्या रेघेवर सरपटू लागतो. तिथे प्रत्येक खड्यामागे जेमतेम एक गुण मिळतो, आणि पांढऱ्याची भिंत मात्र बाहेर उंच होत जाते. आपले खडे दुसऱ्या रेघेवर रांगेने दिसू लागले, तर डाव तिथेच घसरला असं समजावं.

पुढच्या डावात पन्नासाव्या चालीला थांबा आणि दोन डोळे न झालेले गट मोजा. ते काळ्याचे जास्त निघाले, तर बाजूचे खडे कुठे वाया गेले ते मागे जाऊन शोधा.