कोण एकसर, कोण समांतर?

बारा व्होल्टचा एक अ‍ॅडॅप्टर आणि पाच रेझिस्टर घेऊ. अ‍ॅडॅप्टरच्या धन टोकाला १०० ओहमचा रेझिस्टर जोडला आहे. त्याच्या दुसऱ्या टोकापाशी वाटेला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर १५० ओहमचा रेझिस्टर आहे आणि तो थेट ऋण टोकाला जाऊन मिळतो. दुसऱ्या फाट्यावर आधी १८० ओहम लागतो आणि त्यापुढे पुन्हा दोन फाटे होतात, एकावर २०० ओहम आणि दुसऱ्यावर ३००. हे दोघेही शेवटी ऋण टोकालाच येतात. अ‍ॅडॅप्टरमधून एकूण किती प्रवाह बाहेर पडेल?

ओहमचा नियम सांगतो, व्होल्टेजला रोधाने भागा, प्रवाह मिळेल. पण भागायचं कशाने? नियमाला एकच रोध हवा आणि इथे पाच आहेत. म्हणून या पाचांच्या जागी असा एकच रेझिस्टर शोधायचा, की अ‍ॅडॅप्टरला फरक कळू नये. त्यासाठीची दोन सूत्रं शाळेत शिकवतात आणि ती बहुतेकांच्या लक्षातही असतात. गाडी अडते ती त्याआधी, कोणता रेझिस्टर कोणाशी एकसर आणि कोणाशी समांतर हे ठरवताना. याचं कारण आपण आकृतीच्या आकारावर विश्वास ठेवतो. एका रेषेत काढलेले ते एकसर आणि शेजारी शेजारी काढलेले ते समांतर, असं डोळा परस्पर ठरवून टाकतो. त्याच नजरेने पाहिलं तर आपल्या आकृतीत १८० आणि २०० एका ओळीत आहेत, म्हणजे बेरीज ३८०. हे चूक आहे, आणि पहिल्याच पायरीवर चुकल्यामुळे पुढचं सगळं गणित वाया जातं.

आकृतीचा आकार विसरता यावा म्हणून सांध्यांना नावं द्यायची. दोन किंवा अधिक टोकं जिथे तारेने जोडलेली असतात तो एक सांधा. मधली तार कितीही लांब असो, वळणं घेत जावो, तिच्यात रेझिस्टर नसेल तर सगळा मिळून सांधा एकच. अ‍ॅडॅप्टरचं धन टोक ‘क’, १०० ओहमनंतरचा फाटा ‘ख’, १८० ओहमनंतरचा फाटा ‘ग’ आणि ऋण टोक ‘घ’. आता पाच रेझिस्टर असे लिहिता येतात: क-ख १००, ख-घ १५०, ख-ग १८०, ग-घ २००, ग-घ ३००. आकृती बाजूला ठेवली तरी चालेल, सगळी माहिती या एका ओळीत आली.

नियम दोनच. ज्या दोन रेझिस्टरांची दोन्ही अक्षरं सारखी, ते समांतर. आणि ज्या अक्षरापाशी फक्त दोनच रेझिस्टरांची टोकं येतात, तिसरं काहीही येत नाही, तिथले ते दोन रेझिस्टर एकसर. एकसर म्हणजे एकात शिरलेला प्रवाह सगळाच्या सगळा दुसऱ्यात जायला हवा, वाटेत कुठे पळवाट नको. ‘क’ आणि ‘घ’ यांना मात्र हात लावायचा नाही, तिथे अ‍ॅडॅप्टर जोडलेला आहे.

आता ‘ग’ पाहा. तिथे १८०, २०० आणि ३०० अशा तिघांची टोकं आहेत. १८० मधून आलेला प्रवाह तिथे वाटला जातो, म्हणून १८० आणि २०० एकसर नाहीत. ‘ख’पाशीही तीन टोकं आहेत, म्हणून १०० आणि १५० हेही एकसर नाहीत. एकसर कोणीच नाही. पण २०० आणि ३०० दोघेही ग-घ आहेत, म्हणजे समांतर. सुरुवात इथूनच करायची, दुसरी जागाच नाही. अशा मंडलात काम नेहमी अ‍ॅडॅप्टरपासून दूरच्या टोकाकडून सुरू होतं असं सांगतात. ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण दूर म्हणजे कुठे हे आकृतीवर अवलंबून राहतं, अक्षरं तसं करत नाहीत.

समांतर जोडीचा रोध दोघांपैकी लहानापेक्षाही कमी येतो, हे अनेकांना पटत नाही. सूत्र लावण्याआधी साधा हिशेब करू. या जोडीला समजा ६ व्होल्ट दिले. २०० ओहममधून ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल आणि ३०० ओहममधून २०. दोन्ही टोकांना व्होल्टेज तेच असल्यामुळे एकाचा प्रवाह दुसऱ्यामुळे कमी होत नाही, एकूण ५० मिलिअँपिअर होतो. ६ व्होल्टला ५० मिलिअँपिअर घेणारा एकटा रेझिस्टर कोणता? ६ ÷ ०.०५, म्हणजे १२० ओहम. दोन रेझिस्टरांसाठी गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र तेच करतं: ६०००० ÷ ५०० = १२०. व्यस्तांकांची बेरीज करणारे १/२०० + १/३०० = १/१२० इथपर्यंत येतात आणि शेवटी उलटायचं विसरतात. ही चूक पकडायला मोठी युक्ती लागत नाही. दोघांच्या समांतर जोडीचं उत्तर लहान रेझिस्टरपेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्याहून कमी नाही, असंच असायला हवं. इथे ते १०० आणि २०० च्या मध्ये हवं होतं, तसं ते आहे.

आता यादी अशी उरली: क-ख १००, ख-घ १५०, ख-ग १८०, ग-घ १२०. ‘ग’पाशी दोनच टोकं राहिली. म्हणजे १८० आणि १२० आता एकसर झाले. त्यांची बेरीज ३००, आणि ‘ग’ हे अक्षर पुसून टाकायचं. उरला ख-घ ३००. पण ख-घ १५० तर आधीपासूनच आहे, म्हणून हे दोघे समांतर: ४५००० ÷ ४५० = १००. आता ‘ख’पाशी दोनच टोकं, क-ख १०० आणि ख-घ १००. बेरीज २००, ‘ख’ही पुसला. क-घ २०० ओहम. एकूण प्रवाह १२ ÷ २०० = ०.०६ अँपिअर, म्हणजेच ६० मिलिअँपिअर.

प्रत्येक पायरीची यादी वेगळ्या ओळीवर लिहावी, आधीची खोडू नये. कारण उत्तर तपासायला याच ओळी उलट्या क्रमाने वाचायच्या असतात. ६० मिलिअँपिअर १०० ओहममधून गेले की तिथे ६ व्होल्ट खर्च होतात, ‘ख’ आणि ‘घ’मध्ये ६ व्होल्ट उरतात. मग १५० ओहममधून ४० मिलिअँपिअर जातो आणि ३०० च्या वाटेने २०. दोन्ही मिळून ६०, जुळलं. ते २० मिलिअँपिअर १८० ओहमवर ३.६ व्होल्ट घेतात, मागे राहतात २.४. त्यावर २०० मधून १२ आणि ३०० मधून ८ मिलिअँपिअर, पुन्हा २०. प्रत्येक फाट्यावर आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह सारखा भरला तर उत्तर बरोबर आहे, पुस्तकाच्या मागचं पान उघडायची गरज नाही.

कागदावर हिशेब इथे संपतो, ब्रेडबोर्डवर संपत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत नुसता ‘शंभर ओहम’ मागितला तर बहुधा पाव वॉटचा रेझिस्टर हातात पडतो. पहिल्या रेझिस्टरवर ६ व्होल्ट आणि त्यातून ६० मिलिअँपिअर, गुणाकार ०.३६ वॉट. पाव वॉटवाल्याला हे झेपणार नाही. तो बोट भाजेल इतका तापेल, हळूहळू त्याचा रंग काळवंडेल आणि त्याचा रोधही बदलत जाईल. तिथे अर्ध्या वॉटचाच हवा. १५० ओहमवर ०.२४ वॉट येतात, म्हणजे तोही काठावरच आहे. एकूण प्रवाह काढण्याचा खरा उपयोग हा असतो. बाकीचे तिघे मात्र निवांत आहेत.

मोजून पाहायचं तर अ‍ॅडॅप्टर काढून ठेवून ‘क’ आणि ‘घ’मध्ये मल्टिमीटरने रोध पाहावा, २०० च्या आसपास आकडा दिसेल. नेमका २०० दिसला तर तो योगायोग समजावा. रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा पाच टक्के कमी-जास्त असू शकतं असं सांगतो, म्हणून १९० ते २१० पर्यंतचं काहीही योग्यच. प्रवाह मोजताना मीटर वाटेत घालावा लागतो: ‘क’पाशी तार सोडवायची आणि प्रवाह मीटरमधून जाऊ द्यायचा. मिलिअँपिअरवर ठेवलेला मीटर अ‍ॅडॅप्टरच्या दोन टोकांना थेट लावला तर त्याचा फ्यूज उडतो. ही चूक करूनच पुष्कळजण मीटरमध्ये फ्यूज असतो हे शिकतात. आणि अ‍ॅडॅप्टर खरोखर १२ व्होल्ट देतो का तेही पाहावं. १८२७ साली आपला नियम ग्रंथरूपाने मांडणाऱ्या गेओर्ग ओहम यांनाही हा त्रास झाला होता. त्या काळातल्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचं. शेवटी त्यांनी बॅटरी सोडली आणि दोन धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकातून स्थिर व्होल्टेज मिळवलं.

रेझिस्टरच्या जागी एलईडी किंवा जुना तंतूचा दिवा असेल तर ही पद्धत चालत नाही, कारण त्यांचा रोध प्रवाहाबरोबर बदलतो. पण नुसते रेझिस्टर असतानाही ती अडते, आणि त्यासाठी फार काही करावं लागत नाही. आपल्याच मंडलात ‘क’पासून ‘ग’पर्यंत एक सहावा रेझिस्टर टाका. २०० आणि ३०० चे १२० पूर्वीसारखेच होतील. त्यानंतर यादी येते क-ख, ख-घ, ख-ग, ग-घ, क-ग. कोणत्याही दोघांची अक्षरं सारखी नाहीत. ‘ख’पाशी तीन टोकं, ‘ग’पाशी तीन. पुसण्यासारखं एकही अक्षर नाही. याला व्हीटस्टनचा सेतू म्हणतात, आणि तो एरवी सोडवायला किरखॉफ यांच्या १८४५ च्या नियमांनी समीकरणं मांडावी लागतात.

अपवाद एकच. सहावा रेझिस्टर ८० ओहमचा असेल तर १०० ला १५० शी जे प्रमाण, तेच ८० ला १२० शी. मग ‘ख’ आणि ‘ग’ यांचं व्होल्टेज सारखंच, ७.२ येतं आणि मधल्या १८० ओहममधून काहीही वाहत नाही. तो नाहीच असं समजा: वरची वाट २५० ओहम, खालची २००, समांतर मिळून सुमारे १११ ओहम आणि प्रवाह १०८ मिलिअँपिअर. दुकानात ८० सहसा मिळत नाही, ८२ मिळतो, तोही अर्ध्या वॉटचा घ्यावा. त्याने हिशेबाप्रमाणे मधल्या रेझिस्टरमधून जेमतेम पाव मिलिअँपिअर जातो. मीटर ‘क’पाशीच ठेवून १८० ओहमचा एक पाय ब्रेडबोर्डमधून उपटून पाहिलात, तर एकूण प्रवाहाचा आकडा जवळजवळ जागचा हलणार नाही.