पहिल्या दहा वर्षांचे पैसे

‘पोरं जरा मोठी होऊ देत, मग बघू.’ बचत गटाच्या बैठकीत गुंतवणुकीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बोलणारी बाई काही उधळी नसते. तिच्या मनात एक हिशोब असतो. महिन्याला हजार, म्हणजे वर्षाला १२ हजार. दहा वर्षं उशीर झाला तर १ लाख २० हजार कमी साठतील, व्याज धरलं तर पावणेदोन-दोन लाख. तेवढं पुढे हात सैल झाला की भरून काढू! हिशोब ऐकायला बरोबर वाटतो, पण तो एका ठिकाणी फसतो.

उदाहरण पीपीएफचंच घेऊ, कारण ते खातं पोस्टात उघडता येतं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात त्याचं पासबुक असतं. एप्रिल २०२० पासून त्यावर ७.१ टक्के व्याज आहे. व्याज दर ३१ मार्चला खात्यात जमा होतं आणि पुढच्या वर्षी त्या व्याजावरही व्याज मिळतं. या दराने पैसे दुप्पट व्हायला साधारण दहा वर्षं लागतात.

आता पंचविसाव्या वर्षी ठेवलेले एक हजार रुपये बघा. पस्तिशीत त्यांचे दोन हजार होतात, पंचेचाळिशीत चार आणि पंचावन्नाव्या वर्षी जवळजवळ आठ हजार. तेच हजार पस्तिशीत ठेवले, तर पंचावन्नाव्या वर्षी चारच हजार होतात. म्हणजे उशिराने बुडाली कोणती दुप्पट? आपल्याला वाटतं, पहिली, हजाराचे दोन हजार होण्याची. प्रत्यक्षात बुडते ती शेवटची, चाराचे आठ होण्याची. आपण तोटा मोजतो तो सुरुवातीच्या टोकाला आणि तो होतो दुसऱ्या टोकाला.

हेच दर वर्षी पैसे भरून पाहू. समजा, दोन जुळ्या बहिणी आहेत. दोघीही वर्षाला १२ हजार भरतात, तेही ५ एप्रिलच्या आत, म्हणजे पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं. (दरमहा भरलं तर थोडं कमी मिळेल, पण तेही पाच तारखेच्या आत भरावं. सहा तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.) थोरली पंचविसाव्या वर्षी सुरुवात करते, धाकटी पस्तिसाव्या. साठीला थोरलीकडे साधारण १८ लाख १६ हजार जमतात आणि धाकटीकडे ८ लाख २५ हजार. थोरलीने जास्तीचे भरले किती? फक्त १ लाख २० हजार. फरक मात्र जवळपास १० लाखांचा.

थोरलीच्या पैशांचे दोन ढीग करून पाहिले तर आणखी गंमत दिसते. पहिल्या दहा वर्षांत भरलेल्या १ लाख २० हजारांचे साठीपर्यंत ९ लाख ९१ हजार होतात. नंतरच्या पंचवीस वर्षांत भरलेल्या तीन लाखांचे ८ लाख २५ हजार. अडीचपट पैसे भरूनही दुसरा ढीग लहानच!

मग हे आधी कुणाच्या लक्षात का येत नाही? कारण सुरुवातीला पासबुकात काही घडताना दिसतच नाही. पहिल्या वर्षाचं व्याज येतं ८५२ रुपये. एवढ्याशा रकमेसाठी बारा हजार अडकवायचे? दहाव्या वर्षीही खात्यात पावणेदोन लाखांच्या आसपासच असतात आणि त्यातले सव्वा लाखाच्या जवळपास आपण स्वतःच घातलेले. याच थोरलीला पस्तिसाव्या, म्हणजे शेवटच्या वर्षी मात्र एका वर्षाचं व्याज १ लाख २० हजार मिळतं. पहिल्या दहा वर्षांत तिने पै-पै करून जेवढं भरलं, तेवढं एका वर्षात.

उशीर दुसऱ्या वाटेनेही होतो, आणि माझ्या पाहण्यात ही वाट जास्त वापरातली आहे. पीपीएफची मुदत १५ वर्षांची. तेव्हा आपल्या हिशोबाने सव्वातीन लाख जमलेले असतात. नेमकं त्याच सुमाराला घराला रंग काढायचा असतो, नाहीतर दिराच्या मुलीचं लग्न असतं. बाईचे पैसे ‘मोकळे झाले’ म्हटल्यावर सगळ्यांनाच ते आठवतात! सगळे काढून घेऊन पुन्हा नवं खातं उघडलं, तर ती पंचविसाव्या वर्षी सुरुवात करूनही चाळिशीत सुरुवात करणाऱ्या बाईच्या रांगेत जाऊन उभी राहते.

आता एक आक्षेप. साठीला येणाऱ्या १८ लाखांत आजच्या १८ लाखांचं सामान येणार नाही. अगदी बरोबर. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर पस्तीस वर्षांनंतरच्या त्या १८ लाखांची किंमत आजच्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरते, आणि धाकटीच्या सव्वाआठ लाखांची दीड लाख. दोन्ही आकडे आकसले, तरी थोरलीचं पारडं दुपटीहून जडच राहिलं. धाकटीला थोरलीला गाठायचं असेल तर पस्तिशीपासून महिन्याला हजार नव्हे, २२०० भरावे लागतील. यात धाकटीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. महागाईमुळे दहा वर्षांनंतरचे १६०० रुपये म्हणजे आजचे हजारच, त्यामुळे तिच्यावरचा भार दिसतो तसा दुप्पट नाही. पण वरचे सहाशे ही उशिराची खरीखुरी किंमत, दरमहा, पंचवीस वर्षं. आणि ‘हात सैल झाल्यावर’ म्हणतात, ती पस्तिशी नेमकी मुलांच्या क्लासची आणि सासू-सासऱ्यांच्या औषधांची असते. दर तरी हाच राहील का? तेही सांगता येत नाही, सरकार तो दर तीन महिन्यांनी ठरवतं. १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत तो १२ टक्के होता.

गटातल्या एका भाजीवाल्या मावशींना हे सगळं मी समजावू लागले, तर त्या म्हणाल्या, ‘ताई, व्याजावर व्याज मला नका शिकवू, मी ते भरलंय.’ सावकाराचे शेकडा तीन टक्के, महिन्याला. न फेडता ठेवलं आणि व्याज मुद्दलात मिळवत गेलं, की दोन वर्षांत रक्कम दुप्पट. आपल्या जुन्या कायद्यात म्हणूनच ‘दामदुपट’ होती, थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त मागायचं नाही. जे पीपीएफमध्ये दहा वर्षांत होतं, ते कर्जात दोन वर्षांत, आणि आपल्या विरुद्ध! तेव्हा असं देणं डोक्यावर असेल तर आधी ते फेडावं. तिथे पीपीएफसाठी थांबणं हा उशीर नव्हे.

आणि ज्यांच्या खात्याला १५ वर्षं होत आली आहेत, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. पैसे भरणं चालू ठेवून खातं पुढे न्यायचं असेल, तर मुदत संपल्यापासून वर्षभराच्या आत पोस्टात किंवा बँकेत तसा लेखी अर्ज द्यावा लागतो. तो पाच वर्षांसाठी असतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा द्यायचा. अर्ज दिला नाही तर आधीच्या शिल्लकेवर व्याज मिळत राहतं, पण नवीन भरणा करता येत नाही. पासबुकाच्या पहिल्या पानावर खातं उघडल्याची तारीख असते. ते आर्थिक वर्ष ज्या ३१ मार्चला संपलं, तिथून पुढे पंधरा वर्षं मोजायची.