टीकाकार कोण, टवाळखोर कोण?

झल्लाकच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांचा व्हॉट्सॲप ग्रुप मी सांभाळतो. गणपतीचा हिशेब टाकला की दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एक जण विचारतो, "जेवणाचे 40 दिनार जास्त दिसतायत, बिल दाखवा." दुसरा म्हणतो, "सगळे चोर!" पहिला चिडलेला असेना, त्याचं म्हणणं तपासता येतं. त्याला त्याच दिवशी, ग्रुपवरच, बिलाचा फोटो टाकून उत्तर देतो. दुसऱ्याला फक्त एकदाच विचारतो, "कोणत्या खर्चाबद्दल म्हणताय?" त्याने आकडा सांगितला तर पुढे बोलायचं. नवीन टोमणा आला तर मी गप्प बसतो. तासाभरात मेसेज वर सरकून जातो.

डिलीट करायला मात्र माझा हात पटकन जात नाही. ॲडमिनने मेसेज काढला की तशी नोंद तिथे राहते, मग "काय होतं हो?" म्हणून सगळेच विचारत सुटतात. शिवाय टवाळखोराला तेच हवं असतं. कुणाचा फोन नंबर किंवा कुणाच्या घरच्यांची बदनामी असेल तर मात्र लगेच काढतो, कारण झळ तिसऱ्यालाच लागते.

ही फोड तशी जुनीच. आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. तिला उत्तर काय देणार? पण 1891च्या संमतिवयाच्या कायद्यावर ते टिळकांशी 'सुधारक'मधून कडाडून भांडले. कडवटपणा तिथेही होताच, पण समोर मुद्दा होता.