सरांना पाठवायचा ईमेल आणि वाळलेला शेंडा

शेतीतलं मशीन लर्निंग : लेखांक ६

पानाच्या फोटोवरून रोग ओळखायला मॉडेल कसं शिकतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यावर प्रबंध करायचा तर आधी मार्गदर्शक हवा, आणि तो मिळवायचा ईमेल हा आजचा विषय. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. तेव्हा समजू, की नागभीडकडची एक मुलगी तिथे एम.एस्सी. संगणकशास्त्र करते आहे.

अशा ईमेलचा पहिला खर्डा बहुधा एकाच साच्यातला असतो. मला मशीन लर्निंगची आवड आहे, शेती हा देशाचा कणा आहे, ‘कृषी क्षेत्रात एआयचा वापर’ या विषयावर काम करायची इच्छा आहे, कृपया मार्गदर्शन करावं. यात चूक काही नाही, पण सरांनी हो म्हणावं तरी कशाला? पीक कोणतं, फोटो कुठून येणार, त्यावर रोगाचं नाव कोण लिहिणार, हे त्यात नसतंच. नागभीडची मुलगी असेल तर एचएमटी धानाच्या दादाजी खोब्रागडे यांचं नाव पहिल्या ओळीत घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. चंद्रपुरातल्या प्राध्यापकाला दादाजी माहीत आहेत, त्याला पुढच्या कामाचं ऐकायचं आहे.

प्राध्यापक सावध असतात त्याला कारण आहे. २०१६ साली ‘प्लांटव्हिलेज’ या फोटोसंचावरचा एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ५४,३०६ फोटो होते आणि मॉडेलची अचूकता ९९ टक्क्यांच्या वर गेली. त्याच मॉडेलला वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले, तेव्हा ती सुमारे ३१ टक्क्यांवर आली. संचातली पानं तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेली होती. बांधीत मात्र चिखल, पाण्याची चकाकी आणि शेजारच्या पानाची सावली असते. शिवाय त्या संचातल्या १४ पिकांत धान नाहीच. ‘तयार संच वापरून धानाचे रोग ओळखीन’ असं लिहिणाऱ्या मुलीने संच उघडून पाहिलेला नाही, हे सरांना लगेच कळतं.

म्हणून प्रश्न छोटा घ्यावा. धानाच्या पानाचा शेंडा वाळायला लागतो, पिवळेपणा कडेकडेने नागमोडी खाली उतरतो. हा जिवाणूमुळे होणारा कडा करपा असू शकतो. पण पालाश कमी पडलं किंवा पाण्याचा ताण बसला तरी शेंडे वाळतात. फरक महागात पडतो, कारण कडा करप्यावर बुरशीनाशक फवारून उपयोग नसतो आणि पान पिवळं दिसलं म्हणून युरिया टाकला तर रोग आणखी फोफावतो. शेतातच करता येईल अशी एक तपासणी आहे. रोगट आणि हिरव्या भागाच्या सीमेवर पान कापायचं आणि कापलेलं टोक स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरायचं. जिवाणू असतील तर काही मिनिटांत दुधट धार पाण्यात उतरताना दिसते. फोटोला नाव देताना नुसत्या नजरेपेक्षा हा पुरावा भक्कम असतो.

आता तिचा सुधारलेला ईमेल.

विषय : धानावरील कडा करपा फोटोवरून ओळखणे – एम.एस्सी. प्रबंधासाठी मार्गदर्शनाची विनंती

आदरणीय सर,
मी एम.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. घर नागभीड तालुक्यात, घरी धानाची शेती आहे. शेंडा वाळलेल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहून कडा करपा किती भरवशाने ओळखता येतो, हे मला तपासायचं आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सहा गावांतल्या ६० बांध्यांतून, शेतकऱ्यांना विचारून, प्रत्येकी ३० म्हणजे १,८०० फोटो घ्यायचा विचार आहे. काही पानांची ग्लासातली तपासणी मी करीन. बाकी फोटोंना नाव देण्यासाठी वनस्पती रोगशास्त्राचा जाणकार लागेल. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्राला विभागामार्फत विनंती करता येईल का? चार गावांच्या फोटोंवर मॉडेल शिकवून उरलेल्या दोन गावांवर तपासणार आहे. पायथन येतं, पण आजवर तयार फोटोंवरच काम केलं आहे. आपण मार्गदर्शक व्हाल का? जूनअखेर कळलं तर रोवणीच्या वेळीच गावं ठरवता येतील. एक पानी आराखडा जोडला आहे.

यात सर्वात वजनदार वाक्य गावांचं आहे. १,८०० फोटो सरमिसळ करून पाचवा हिस्सा चाचणीला काढला, तर एकाच बांधीतले काही फोटो शिकण्यात जातात आणि काही परीक्षेत. तीच माती, तोच वाण, त्याच दुपारचं ऊन. मॉडेल रोगाऐवजी बांधी ओळखायला शिकतं आणि आकडा फुगतो. अख्खं गाव बाजूला ठेवलं की हा मार्ग बंद होतो. तरी दोनच गावं चाचणीला पुरेशी नाहीत, सर तिथे बोट ठेवतीलच. प्रत्येक गाव आळीपाळीने बाहेर ठेवून सहा वेळा तपास, असं ते सुचवतील. विद्यार्थिनीने ही फट ठेवली म्हणून बिघडत नाही, पहिल्या भेटीत बोलायला विषय मिळतो.

ईमेलमध्ये ‘९५ टक्के अचूकता’ असं वचन नाही, हेही बरंच. शंभर फोटोंत आठच रोगट असतील, तर प्रत्येक फोटोला ‘रोग नाही’ म्हणणारं निरुपयोगी मॉडेलही ९२ टक्के अचूक ठरतं. रोगट आठांपैकी किती सापडले आणि निरोगी पानांना किती वेळा रोगट ठरवलं, हे दोन आकडे आराखड्यात कबूल करावेत.

जूनची तारीखही उगीच नाही. प्रबंधाचं सत्र बहुतेक ठिकाणी जानेवारी ते मे असतं आणि धान उभं असतं पावसाळ्यात. हलका धान लवकर निघतो, जड धान नोव्हेंबरपर्यंत जातो. डिसेंबरात ईमेल पाठवणाऱ्याच्या हाती तणस उरते. जिथे पाणी आहे तिथे उन्हाळी धान असतो, पण पावसावाऱ्याने पसरणाऱ्या कडा करप्यासाठी त्यावर विसंबू नये. म्हणून ईमेल पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच जायला हवा. आराखड्यात आणखी एक ओळ हवी, फोटो कोणत्या वेळी काढणार त्याची. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा वाघाचा मुलूख आहे. भल्या पहाटे किंवा दिवेलागणीला जंगलालगतच्या बांधीत एकटीने वाकून पानं टिपायची नाहीत. दिवस वर आल्यावर जोडीने जावं, उजेडही तेव्हाच बरा असतो.

पीएच.डी.साठी लिहिणाऱ्याने आधी जागा विचारावी. यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधकच एका वेळी असू शकतात. उत्तम ईमेललाही ‘जागा नाही’ एवढंच उत्तर येऊ शकतं.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण पाठवावी. एकाच विभागातल्या पाच जणांना एकदम तोच मजकूर धाडू नये, चहाच्या टेबलावर ते उघडं पडतंच. सरांनी ‘सिंदेवाहीत कोणाशी बोललात?’ एवढंच विचारलं तर तो नकार समजू नये. उत्तर देण्याआधी केंद्रात एक चक्कर टाकावी.

पुढच्या लेखांकात : दोन जाणकारांनी एकाच पानाला दोन वेगळी नावं दिली तर काय करायचं.