अँटिबायोटिक लिहिण्यापूर्वीचे पाच प्रश्न

जुलै महिना. महापे एमआयडीसीतल्या कारखान्यातला सव्वीस वर्षांचा कामगार तुमच्या ओपीडीत आला आहे, असं समजा. तापाचा चौथा दिवस, अंग मोडून आलंय, दोन दिवस साचलेल्या पाण्यातून कामावर गेला होता. रोजंदारी बुडते, म्हणून "डॉक्टर, स्ट्राँग गोळी द्या" हे तो बसायच्या आधीच सांगतो. पेन उचलण्यापूर्वी पाच प्रश्न स्वतःला विचारायचे. या एकाच रुग्णावर ते लावून बघू.

पहिला प्रश्न: हा आजार जिवाणूंचा आहे का? पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड एकाच रांगेत उभे असतात. त्यातल्या पहिल्या दोघांवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. प्लेटलेट ९० हजार दिसल्या की तुमच्यातले निम्मे "डेंग्यू" म्हणून मोकळे होतात. पण प्लेटलेट लेप्टोतही उतरतात. म्हणून बाकीचा रिपोर्ट वाचा. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा घटतात, याच्या १४ हजार आहेत. बिलिरुबिन २.८, पण एसजीपीटी जेमतेम ७०, क्रिएटिनिन १.९. एनएस-१ आणि मलेरियाची तपासणी निगेटिव्ह. आता हात लावा: पोटऱ्या दाबल्या की तो कळवळतो, डोळे लाल आहेत पण चिपडं नाहीत. हे चित्र लेप्टोचं आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. आपल्या भागात पाण्यातून चालल्याचा इतिहास न विचारता तापाचा कागद भरूच नये.

दुसरा प्रश्न: संसर्ग कुठे आहे आणि कोणता जंतू असण्याची शक्यता जास्त आहे? "ताप" हा काही अवयव नव्हे. इथे यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही अडकलेत, संशय लेप्टोस्पायरावर आहे, आणि तो साध्या औषधांना दाद देतो. मेरोपेनेम लिहायचा मोह होईल. इथे त्याचं काम नाही.

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त दांडी मारली जाते: पहिला डोस जाण्यापूर्वी नमुना घेतला का? आणि त्याआधी, याने स्वतःहून काय घेतलंय? हा कामगार मेडिकलवरून अझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या आधीच खाऊन आलाय, पण विचारल्याशिवाय सांगणार नाही. अशा दोन गोळ्यांनीही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. तरी ब्लड कल्चर घ्याच, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलि रक्त. दोन-तीन मिलि पाठवून "काही उगवलं नाही" म्हणण्यात अर्थ नसतो. लेप्टो या नेहमीच्या बाटलीत उगवत नाही. कल्चर आपण टायफॉइडसारखा दुसरा कोणी लपलाय का, यासाठी पाठवतो. लेप्टोची आयजीएम तपासणी चौथ्या दिवशी निगेटिव्ह येऊ शकते, तिच्यासाठी उपचार अडवायचे नाहीत. आणि रुग्ण शॉकमध्ये असेल, तर नमुन्यापायी डोसला उशीर करायचा नाही. तिथे तासाभरात औषध गेलं पाहिजे.

चौथा: या माणसाला कोणतं औषध, किती, कोणत्या मार्गाने? सौम्य लेप्टो असता तर डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस, तेही भरपूर पाण्यासोबत; गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. पण याचं मूत्रपिंड बिघडतंय, म्हणून त्याला दाखल करून शिरेतून सेफ्ट्रियाक्झोन, दिवसातून एकदा एक ते दोन ग्रॅम. पेनिसिलिनची अॅलर्जी आहे का, ते आधी विचारा. सेफ्ट्रियाक्झोनचा डोस सहसा क्रिएटिनिनमुळे बदलावा लागत नाही, ही सोय आहे. जेंटामायसिन आणि अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक मात्र टाळा, दोन्ही मूत्रपिंडावरच बसतात.

पाचवा प्रश्न: पुन्हा कधी बघणार आणि कधी थांबवणार? तारीख आजच लिहा. ४८ ते ७२ तासांनी कल्चर, क्रिएटिनिन, लघवीचं प्रमाण आणि रुग्ण, चारही एकत्र बघायचे. ताप दुसऱ्या दिवशी उतरला नाही, म्हणून औषध बदलायची घाई करू नका. टायफॉइडमध्ये तर योग्य औषधावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. बदल करायचा तो रुग्ण खालावला किंवा कल्चरने वेगळं सांगितलं तर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र लिहून अँटिबायोटिक देताना त्याचं नेमकं कारण लिहायला सांगितलं होतं. आपल्या केसपेपरवर ते असं दिसेल: "लेप्टोचा संशय, मूत्रपिंडावर परिणाम, सेफ्ट्रियाक्झोन, दिवस १/७, तिसऱ्या दिवशी फेरविचार."

तिसऱ्या दिवशी ताप उतरलाय, क्रिएटिनिन १.४, लघवी नीट होतेय, कल्चर कोरं, असं दिसलं तर इंजेक्शन बंद करा आणि उरलेले दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या द्या. घरी जाताना तेवढ्याच मोजून लिहा आणि शेवटच्या गोळीची तारीख चिठ्ठीवर टाका, म्हणजे पुढच्या तापाला तीच चिठ्ठी घेऊन तो परत मेडिकलवर जाणार नाही.