जुना फोन देताना क्रम चुकू नये

गेल्या वर्षी एका रविवारी संध्याकाळी साताऱ्याहून मावशीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "अगं, नव्या फोनमधले सगळे नंबर गेले. फोटोही दिसत नाहीत. तुझा नंबर पाठ आहे म्हणून लावला."

तिने चार वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन बाजूला काढून नवा घेतला होता. जुना फोन तिच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला बारावीच्या अभ्यासासाठी द्यायचा होता. देण्याआधी तो कोरा करावा, म्हणून मावशी जेवण झाल्यावर चष्मा लावून बसली. तिने गूगल फोटोज उघडून एकेक फोटो पुसला, मग एकेक नंबर पुसला. तीन तास खपून जुना फोन रिकामा झाला, आणि त्याबरोबर नवाही.

असं झालं याचं कारण साधं आहे. दोन्ही फोनांवर मावशीचं एकच गूगल खातं चालू होतं. नंबर आणि फोटो खरे राहतात त्या खात्यात, फोनवर त्यांची फक्त प्रत दिसते. जुन्या फोनवर नंबर पुसला की तो खात्यातून पुसला जातो आणि खातं नव्या फोनलाही तेच कळवतं. आयफोनचंही असंच आहे. आयक्लाउड चालू असताना फोटो हाताने पुसले, तर ते तुमच्या सगळ्या ॲपल उपकरणांवरून जातात. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवायचा: देण्यासाठी फोन कोरा करताना एकही गोष्ट हाताने पुसायची नाही.

मावशीचं नुकसान भरून निघालं. गूगलच्या संपर्कयादीत पुसलेले नंबर ३० दिवस कचरापेटीत राहतात आणि खात्यात जमा झालेले फोटो ६० दिवस. दोन्हीकडून सगळं परत आणलं. पण गोष्ट इथे संपली नाही.

दोन दिवसांनी ती मुलगी फोन घेऊन परत आली. पडद्यावर मावशीनेच लावलेला पॅटर्न होता आणि तो सांगायचा राहून गेला होता. मुलीच्या भावाने बाजारातल्या एका दुकानात फोन नेला. दुकानदाराने बाजूची बटणं दाबून धरत फोन रीसेट केला. फोन नव्यासारखा सुरू झाला, भाषा विचारली, वायफाय विचारलं आणि मग अडून बसला. या फोनवर आधी जे गूगल खातं होतं, त्याचाच पासवर्ड त्याला हवा होता.

हे चोरीविरुद्धचं कुलूप आहे. अँड्रॉइडमध्ये ते २०१५ पासून आहे. फोनवर खातं असताना सेटिंग्जमध्ये न जाता, बटणं दाबून फोन पुसला, तर फोन ते चोराचं काम समजतो आणि जुन्या मालकाला बोलावतो. ॲपलने असंच कुलूप २०१३ मध्ये आणलं. तिथे पडद्यावर iPhone Locked to Owner असं येतं. काही कंपन्यांच्या फोनवर गूगलखेरीज कंपनीचं स्वतःचंही खातं असतं, शाओमीचं किंवा सॅमसंगचं, आणि त्याचं कुलूप वेगळं लागू शकतं. म्हणजे फोन प्रामाणिकपणे दिलेला असूनही घेणाऱ्याच्या हातात पडतं ते बंद खेळणं. मावशीने जाऊन पासवर्ड टाकला तेव्हा तो उघडला. पण फोन अनोळखी माणसाला विकला असता, तर त्याने कोणाला शोधलं असतं?

मावशीच्या दोन्ही चुका क्रमाच्या होत्या. कामं चारच आहेत: आधी सगळं नव्या फोनवर आणायचं, मग जुन्या फोनवरची खाती काढायची, मग फोन पुसायचा, आणि शेवटी खात्री करायची.

पहिल्या कामात घाई करू नये. नवा फोन हातात आल्यावर निदान आठवडाभर जुना फोन कपाटात ठेवावा. नंबर आणि फोटो आले की नाही हे लगेच कळतं, पण काही गोष्टी वेळ आल्यावरच आठवतात. व्हॉट्सॲपच्या गप्पा आपोआप येत नाहीत. जुन्या फोनवर Chat backup मध्ये जाऊन ताजा बॅकअप घ्यावा लागतो आणि नव्या फोनवर नंबर नोंदवताना तो परत मागावा लागतो. नंबर नव्या फोनवर नोंदला की जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप आपोआप बंद होतं. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स सिमकार्ड आणि फोन या दोन्हींना बांधलेली असतात, म्हणून ती नव्या फोनवर नव्याने नोंदवून एखादा छोटा व्यवहार करून पाहावा. सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल, तर ते आधी नव्या फोनवर हलवा. ते जुन्या फोनबरोबर पुसलं गेलं आणि कोडची प्रत कुठेच नसली, तर आपल्याच खात्याच्या दाराबाहेर उभं राहावं लागतं.

दुसरं काम खाती काढण्याचं, आणि लोक सगळ्यात जास्त हेच विसरतात. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा ईमेल रोज उघडताना पासवर्ड विचारत नाही. एसटीचा महिन्याचा पास असतो, तसंच हे आहे. एकदा पासवर्ड दिला की कंपनी फोनला एक पास देते, आणि पुढे ॲप उघडलं की तो पासच दाखवला जातो. फोन कोणाच्या हातात आहे, हे पास बघत नाही. "ॲप काढून टाकलं, झालं," असं पुष्कळ जण म्हणतात. ॲप काढल्याने त्या फोनवरचा पास बहुधा जातो, पण कंपनीच्या नोंदीत तो जिवंतच राहतो. म्हणून ॲपमध्ये जाऊन Log out करणं बरं.

साठवलेल्या पासवर्डांचा धोका आणखी सरळ आहे. ब्राउझरने विचारलं, "पासवर्ड लक्षात ठेवू का?" आणि आपण हो म्हणत गेलो. अँड्रॉइडमध्ये हे पासवर्ड गूगल खात्यात जमतात आणि फोनवर ते बघायला लागतो तो पडद्याचाच पिन किंवा पॅटर्न. घरातल्या घरात फोन देताना तोच पिन आपण कौतुकाने सांगतो. म्हणजे घर दाखवायला नेलं आणि तिजोरीची किल्लीही हातात ठेवली. सेटिंग्जमध्ये खात्यांच्या यादीतून गूगल खातं काढलं की हे पासवर्ड त्या फोनवरून जातात आणि चोरीविरुद्धचं कुलूपही सुटतं. शाओमी किंवा सॅमसंगचं खातं असेल तर तेही इथेच काढायचं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं. तिथे जाऊन Sign Out करायचं.

मगच तिसरं काम. आधी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड बाहेर काढा. फोन रीसेट केल्याने मेमरी कार्ड पुसलं जाईलच असं नाही, आणि लग्नाबारशाचे जुने फोटो बहुतेक वेळा त्यावरच असतात. मग अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून Erase all data, आणि आयफोनमध्ये General खाली Transfer or Reset iPhone मध्ये Erase All Content and Settings. ई-सिम असेल तर ते आधी नव्या फोनवर हलवलेलं असलं पाहिजे.

पुसलेलं कोणी परत काढू शकतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. एकेकाळी काढता येत होतं. २०१४ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीने ईबेवरून २० जुने अँड्रॉइड फोन विकत घेतले आणि त्यांतून ४० हजारांहून जास्त फोटो बाहेर काढले. तेव्हाच्या बहुतेक फोनांत मजकूर उघडा साठवलेला असे, आणि रीसेट म्हणजे पुस्तक तसंच ठेवून फक्त अनुक्रमणिका फाडणं. आता फोन सगळा मजकूर सांकेतिक रूपात ठेवतो आणि रीसेट करताना तो वाचण्याची किल्लीच नष्ट करतो. किल्ली गेली की उरलेलं निव्वळ अक्षरांचं भुसकट. २०१९ च्या अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनांना हे बंधनकारक आहे आणि आयफोनमध्ये ते त्याही आधीपासून आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड मात्र विकण्याआधी सेटिंग्जमधून एनक्रिप्ट करावा आणि मगच रीसेट करावा.

चौथं काम पाच मिनिटांचं. पुसलेला फोन लगेच पिशवीत घालू नका. तो सुरू करा, भाषा निवडा, वायफाय जोडा आणि दोन पडदे पुढे जा. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर कुलूप अजून लागलेलं आहे. तो तिथेच टाका, खातं काढा आणि सेटिंग्जमधून पुन्हा रीसेट करा. नवं खातं जोडायला सांगत असेल तर फोन द्यायला तयार आहे.

फुटक्या पडद्याच्या फोनचं काय? "चालूच होत नाही" म्हणून तो तसाच एक्सचेंजला जातो. पण पडदा बदलला की तोच फोन तुमच्या फोटोंसकट जागा होतो. अशा वेळी दुरून काम करता येतं. myaccount.google.com वर Security मध्ये तुमच्या सगळ्या उपकरणांची यादी दिसते. तिथून जुना फोन Sign out करायचा. google.com/android/find वरून तो पुसण्याची आज्ञाही देता येते, मात्र फोन चालू होऊन इंटरनेटला जोडला गेल्यावरच ती लागू होते. आयफोनसाठी iCloud.com/find. तिथे फोन पुसून झाल्यावर तो खात्यातूनही काढायचा, नाहीतर घेणाऱ्याला कुलूप लागलेलंच मिळेल. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर Where you're logged in, आणि टेलिग्रामवर Devices, अशा याद्या आहेत. एसटीचा पास हरवला तर आगारात जाऊन रद्द करतात, तसंच हे.

राहिला जुन्या फोनचा बॅकअप. तो फोनमध्ये नसतो, तुमच्या खात्यात असतो. फोन गेला म्हणून बॅकअप दुसऱ्याच्या हाती जात नाही, पण तो जागा अडवतो. फोन वापरात नसला की गूगल ५७ दिवसांनी त्याचा बॅकअप काढून टाकू शकतं, तर आयक्लाउडमध्ये तो १८० दिवस राहतो. नवा फोन नीट चालतोय असं वाटेपर्यंत तो राहू द्यावा, मग आपल्या हाताने काढावा.

मावशीचा फोन त्या मुलीने बारावीच्या परीक्षेपर्यंत वापरला. देताना कोणाचं काही बिघडलं असेल तर बहुतेक वेळा ते भरून काढता येतं, फक्त वेळेत कळायला हवं. तुम्ही याआधीच एखादा फोन विकला किंवा दिला असेल, तर आज रात्री आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यातली उपकरणांची यादी उघडा. त्यात त्या फोनचं नाव अजून दिसत असेल, तर त्याचा पास रद्द करा.