अंगठ्याच्या बुडाचा सांधा

अंगठा मनगटाला जिथे मिळतो तिथे, तळहाताच्या मांसल उंचवट्याच्या मुळाशी, एक छोटा सांधा असतो. मनगटातले ट्रॅपेझियम नावाचे हाड आणि अंगठ्याचे तळव्यातले हाड तिथे खोगिरावर खोगीर आडवे ठेवावे तसे एकमेकांवर बसलेले असतात. या आकारामुळेच अंगठा बाजूला फाकतो, तळव्यावर येतो आणि वळून इतर बोटांच्या टोकांना भिडतो. खुब्याला वाटी असते, तशी खोल वाटी इथे नाही. सांधा जागच्या जागी राहतो तो सभोवतालच्या अस्थिबंधांच्या आणि स्नायूंच्या जोरावर.

या सांध्याची झीज समजायची तर चिमटीचे गणित आधी पाहावे लागते. सुई धरताना वस्तू अंगठ्याच्या टोकाशी असते आणि सांधा पार दुसऱ्या टोकाला. टोकाशी दिलेला जोर तोलून धरायला हाडाजवळून जाणाऱ्या स्नायूंना कितीतरी पट ओढावे लागते आणि ती सगळी ओढ सांध्यावर दाब होऊन उतरते. चिमटीत १ किलोचा जोर लावला की बुडाशी साधारण १२ किलोचा दाब पडतो. म्हणून वजनदार हंडा दोन्ही तळव्यांवर उचलताना न दुखणारा हात बरणीचे झाकण फिरवताना किंवा कुलपात किल्ली वळवताना कळवळतो.

झिजेत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते आणि अस्थिबंध सैलावतात. मग अंगठ्याचे हाड हळूहळू बाहेर सरकू लागते आणि मनगटाजवळ छोटा उंचवटा दिसू लागतो. तळव्याकडे ओढणारा स्नायू मात्र तितकाच बळकट असतो. तो अंगठ्याला आत खेचतो, अंगठा व तर्जनी यांच्यामधली जागा अरुंद होते, आणि मोठी वस्तू धरण्यासाठी अंगठा मधल्या सांध्यात उलटा वाकू लागतो. पन्नाशीपुढच्या, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसतो. वय, आनुवंशिकता, मुळात सैल सांधे, जुना अस्थिभंग अशी कारणे असतात, म्हणून नुसत्या कणकेला दोष देणे बरोबर नाही. पण झीज सुरू झाल्यावर दुखणे किती भोगायचे, हे बऱ्याच अंशी रोजचे काम ठरवते.

उदाहरणादाखल ५४ वर्षांची एक स्त्री घेऊ. ती दुपारी ब्लाउज शिवते आणि दोन्ही वेळा घरच्या सहा माणसांच्या पोळ्या करते. सुरुवातीला तिला फक्त काज-हूक करताना दुखे. पुढे परात एका हाताने कडेला धरून उचलता येईना. बुडाशी दाबले की कळ येते आणि अंगठ्याचे हाड सांध्यावर दाबून गोल फिरवले की आत करकर जाणवते. ही लक्षणे सांध्याच्या झिजेची आहेत. दुखणे मनगटाच्या कडेने वर हातात चढत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर वाढत असेल, तर स्नायुबंधाच्या आवरणाची सूज जास्त संभवते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असतील तर नस दबलेली असू शकते. दोन्ही हातांची बोटे सुजून सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील तर संधिवाताची तपासणी लवकर करून घ्यावी. क्ष-किरण चित्राने झीज दिसते, पण चित्रातली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ बसेलच असे नाही. खूप झिजलेला अंगठा शांत असतो आणि थोडासा झिजलेला छळतो.

या स्त्रीच्या दिवसात बदल करायचा तो कणकेपासून. पाणी घालून पीठ नुसते गोळा करावे आणि झाकून अर्धा तास ठेवावे. त्या वेळात पीठ पाणी शोषते, चिकटपणा आपोआप धरतो आणि मळायला जोर खूप कमी लागतो. कणीक थोडी सैल ठेवावी. परात कमरेइतक्या किंवा त्याहून खालच्या जागी असली की बोटांनी दाबण्याऐवजी तळव्याच्या टाचेने, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार टाकता येतो. मळताना अंगठा आत दुमडून कणकेत रुतवायचा नाही, बोटांच्या बाजूला सैल ठेवायचा. लाटणे जाड असावे आणि ते तळव्यांखाली फिरावे. तव्यावरचे किंवा चुलीवरचे पातेले पकडीने उचलणे ही या सांध्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे. दोन कानांचे भांडे जाड फडक्याने दोन्ही हातांनी धरावे. ओले कपडे पिळण्याऐवजी निथळू द्यावेत.

शिवणकामात यंत्राचा फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो कात्री आणि हातशिलाईचा. बोथट कात्रीने कापडाचे चार थर एकदम कापताना अंगठा कडीत अडकून जोर घेतो. धार लावलेली कात्री आणि कमी थर एवढ्याने फरक पडतो; आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळाली तर उघडण्याचा ताणही वाचतो. सुई जाड कापडातून ओढायला फुग्याच्या रबराचा तुकडा वापरावा. रबर घसरत नाही, म्हणून चिमूट घट्ट आवळावी लागत नाही. तुरपाई आणि काज-हूक एकाच बैठकीत न संपवता मध्ये यंत्रावरचे काम घ्यावे. काम झाल्यावर दुखणे दोन तासांहून जास्त टिकले, तर त्या दिवशीचे काम सांध्याला झेपलेले नाही असे समजून दुसऱ्या दिवशी ते कमी करावे.

अंगठ्याचा आधारपट्टा हा दुसरा मोठा उपाय. चांगला पट्टा बुडाचा सांधा फाकलेल्या, गोलसर स्थितीत धरतो आणि अंगठ्याचे टोक व शक्यतो मनगट मोकळे ठेवतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत रुग्णांनी रात्री पट्टा वापरला. महिन्याभराने काही फरक दिसला नाही, वर्षाने मात्र वेदना आणि कामातली अडचण दोन्ही कमी झाल्या होत्या. आठ दिवसांत गुण नाही म्हणून पट्टा कपाटात टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. कणीक मळताना तो काढावा, शिवताना मऊ पट्टा घालावा, रात्री कडक. त्वचा लाल होऊन तशीच राहिली तर माप चुकले आहे.

सोबत व्यायाम हवा, पण चेंडू दाबण्याचा नको. त्याने सांधा आणखी चेपला जातो. तर्जनी बाजूला नेणारा स्नायू बळकट झाला की अंगठ्याचे हाड खाली धरून ठेवायला मदत होते. त्यासाठी तर्जनी दुसऱ्या हाताच्या हलक्या विरोधाला न जुमानता अंगठ्याकडे न्यायची. अंगठा-तर्जनीमधली जागा हलक्या मालिशीने मोकळी करायची.

दुखणे चढले की वेदनाशामक मलम आधी वापरावे, कारण गोळ्यांचा परिणाम पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर होतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आराम बहुधा काही आठवडेच टिकतो. हे सगळे करूनही झोप मोडत असेल, तर ट्रॅपेझियम हाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करतात. वेदना बहुतेकांची चांगली कमी होते, पण हात पूर्ण कामाला यायला काही महिने जातात आणि चिमटीचा जोर पूर्वीइतका परत येतोच असे नाही. सुईवर पोट असलेल्या व्यक्तीने शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याआधी तेवढे महिने कामाची सोय काय, हे डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून ठरवावे.